मंगळवार, चार ते सात

माझ्या मित्राच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला मेसेज केला होता : "काळजी घे. काही लागलं तर नक्की सांग." अगदी मनापासून केला होता. दोन-अडीच महिन्यांनी एकदा त्याच्या शेजारी बसलो असताना त्याने फोनवर त्या दिवसांतले मेसेज मला दाखवले. तो बोटाने वर सरकवत गेला आणि एकाच वाक्याच्या नाना तऱ्हा पुढे येत राहिल्या. "कधीही हाक मार." "रात्री-अपरात्रीसुद्धा चालेल." "संकोच करू नकोस." मधेच कुठेतरी माझाही होता, बाकीच्यांपेक्षा जराही वेगळा नसलेला. तो चिडलेला वगैरे नव्हता. म्हणाला, "सगळ्यांना खरंच वाटत होतं रे. पण मी कुणाला काय सांगणार होतो?"

त्यावर मी तेव्हा गप्प बसलो. पण तो प्रश्न मला वाटतं शब्दशः घ्यायला हवा. आजारी आई-वडिलांचं करणाऱ्या माणसाला ‘काही लागलं तर सांग’ म्हणणं ही मदत तर नाहीच. उलट ते त्याच्या यादीत आणखी एक काम घालणं आहे. तुम्हाला कामाला लावायचं काम.

अतिशयोक्ती वाटेल, म्हणून त्याचाच एक प्रसंग सांगतो. डिस्चार्जनंतर दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी तीनला, वडिलांना तपासणीसाठी न्यायचं होतं. उजवी बाजू लुळी पडलेली, वाचाही गेलेली. खुर्चीतून गाडीत, गाडीतून व्हीलचेअरवर आणि मग परत, असं चार वेळा उचलायचं होतं आणि त्यासाठी दुसरं माणूस हवं होतं. आता ‘सांगायचं’ म्हणजे काय करायचं? गुरुवारी तीनला नोकरीतून कोण सुटू शकेल, याचा अंदाज घ्यायचा. त्यातला कोण जवळ राहतो? कुणाची पाठ धड आहे? कुणाच्या हातांनी उचललेलं वडिलांना चालेल? मागच्या वेळी कोण आलं होतं, म्हणजे त्यालाच पुन्हा कसं म्हणायचं? मग फोन करायचा, पहिली पाच मिनिटं तब्येतीचं सगळं सांगायचं, मग विषय काढायचा, समोरचा अडखळला की आपणच "नाही नाही, होईल माझं" म्हणून त्याची सुटका करायची आणि दुसरा नंबर लावायचा. त्याने दोन फोन केले. तिसरा केला नाही. गाडीच्या चालकाची मदत घेऊन एकटाच गेला आणि त्या ओढाताणीत वडिलांचा लुळा खांदा दुखावला. त्याचं दुखणं पुढे महिनाभर पुरलं.

शारीरिक काम त्यातलं निम्मंच होतं. उरलेलं निम्मं म्हणजे काय लागेल ते आधी ओळखणं, त्याचे तुकडे पाडणं, योग्य माणूस निवडणं आणि त्याच्यापुढे शब्द टाकणं. हे कुणाला दिसत नाही. ‘सांग’ म्हणणारा दिसणाऱ्या अर्ध्यालाच हात लावायला तयार असतो. न दिसणारं अर्धं तो आहे तिथेच ठेवतो, म्हणजे ज्याची झोप दोन-दोन तासांच्या तुकड्यांत चालली आहे त्याच्याच डोक्यात.

मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या मनात काय चालतं यावर फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा बॉन्स या दोन संशोधकांनी केलेलं काम मला इथे फार उपयोगी वाटतं. 2008 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं होतं : एक प्रश्नावली भरून द्या, जरा फोन वापरू द्या, अशा तऱ्हेची. किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज त्यांच्याकडून आधी घेतला होता. प्रत्यक्षात त्या अंदाजाच्या जवळपास निम्म्या लोकांना विचारूनच काम झालं. म्हणजे मागणाऱ्याला नकाराची भीती वाटते, ती वस्तुस्थितीपेक्षा बरीच मोठी असते. एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग मागावं की त्याने! पण त्याच दोघांनी 2010 साली नाण्याची दुसरी बाजू मांडली. मदत करू शकणारी माणसं असं धरून चालतात की गरज असेल तर समोरचा मागेलच. कारण मागताना किती अवघड वाटतं, याचा त्यांना अंदाज येत नाही. एका बाजूला ‘कोण येणार’ म्हणून न मागणारा आणि दुसऱ्या बाजूला ‘लागलं असतं तर बोलला असता’ म्हणून वाट बघणारा. दोघेही प्रामाणिक, आणि मधल्या जागेत गुरुवार दुपारचे तीन.

ही कोंडी फोडायची तर पहिलं पाऊल कुणी टाकायचं? मला यात शंका वाटत नाही. ज्याची झोप झाली आहे त्याने.

मी ते टाकलं तेव्हा आधी चुकीचंच टाकलं, तेही सांगायला हवं. मेसेज दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी अपराधी भावनेने मी सकाळी न सांगता त्याच्या घरी गेलो. वडिलांना अंघोळ घालण्याची वेळ होती. त्याने हातातलं काम टाकून मला बसायला दिलं, माझ्याशी बोलला, पाणी तापवलेलं निवलं, आणि वडील अर्धा तास ओल्या चादरीवर राहिले. मदतीला म्हणून जाऊन मी पाहुणा झालो होतो. ‘सांग’ म्हणणाऱ्यांच्या जागी न विचारता टपकणारा मित्र, हा काही तोडगा नव्हे.

त्यानंतर घरी येऊन मी जरा विचार केला आणि त्याला लिहिलं : "मंगळवारी मी चार ते सात मोकळा असतो. पुढचे सहा आठवडे दर मंगळवारी काकांजवळ बसेन. तू बाहेर जा, झोप, काहीही कर. पहिल्या मंगळवारी नुसतं शिकायला येतो, तू करतोस ते बघेन. नको असेल तर ‘नको’ एवढंच लिही, कारण देऊ नकोस." वीस मिनिटांनी उत्तर आलं, "ये."

या मेसेजमध्ये लेखनगुण काही नाहीत. पण त्यात चार गोष्टी होत्या : वार, वेळ, काम आणि शेवट. ‘शेवट’ लोक विसरतात. मुदत नसलेली मदत घेणाऱ्यालाही जड जाते. हा किती दिवस येणार, कंटाळला तर सांगेल का, मीच थांबवायला हवं का, असा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू होतो. ‘सहा आठवडे’ म्हटलं की तो हिशेब संपतो. पुढे वाढवायचं तर वाढवता येतं. आणि नकार फुकट असायला हवा. ज्या मदतीला नाही म्हणताना तीन ओळींची माफी मागावी लागते, ती मदत नाकारणंही एक कामच.

पहिला मंगळवार मी फक्त बघण्यात घालवला. बसणं हे सोपं काम आहे, अशी माझी समजूत होती. ती त्या तीन तासांत गेली.

पक्षाघातानंतर बऱ्याच जणांना गिळायला त्रास होतो. काकांना साधं पाणी देता येत नव्हतं, कारण पातळ द्रव घशात फार वेगाने सरकतो आणि श्वासनलिकेत उतरू शकतो. त्यामुळे वाचा आणि गिळण्याच्या तज्ज्ञांनी सांगितलेल्या प्रमाणात पावडर घालून पाणी घट्ट करायचं. ते देताना त्यांना पूर्ण ताठ बसवायचं, टेकून अर्धवट नाही. लहान चमचा, एक घोट, गिळल्याची खात्री आणि मगच दुसरा. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना तो जाणवत नाही, म्हणून शेवटी तोंड उघडून बघायचं. खाऊन झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. मित्राने मला एक खूण शिकवली : पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा आला तर थांबायचं. ठसका लागेल याची वाट बघायची नाही, कारण काही रोग्यांना ठसका न लागताच द्रव फुप्फुसात उतरतो आणि दोन दिवसांनी ताप येतो तेव्हा कळतं. वाचा गेलेली असली तरी हुंकार असतो, तो ऐकत राहायचा.

दुसरी गोष्ट कुशीची. दर दोन तासांनी त्यांची बाजू बदलायची असं त्यांच्याबाबतीत ठरलं होतं. चार ते सात म्हणजे माझ्या वाट्याला एकदा. ओढायचं नाही, हे पहिलं. अंगाखालच्या चादरीवरून माणूस फरफटला की कातडी वर राहते आणि आतला भाग सरकतो, आणि जखम तिथून सुरू होते. पाठीशी उशी देऊन तिरकं ठेवायचं, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली उशी घालून त्या अधांतरी ठेवायच्या. माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या. लाली दिसली तर बोटाने दाबून बघायची. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर तिथला भार काढून नजर ठेवायची. दाबूनही लालच राहिली तर तो शय्याव्रणाचा आरंभ समजायचा आणि त्याच दिवशी कळवायचं. कातडीचा रंग गडद असेल तर लाली नीट दिसत नाही, मग आजूबाजूच्या कातडीपेक्षा तो भाग गरम, टणक किंवा मऊ लागतो का ते हाताने बघावं लागतं. आणि लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, काही झालं तरी. खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायूच तिथे सुटलेले असतात. गुरुवारी जे झालं ते त्यामुळेच झालं होतं.

तिसरी गोष्ट बोलण्याची. डाव्या मेंदूच्या झटक्यात अनेकदा शब्द जातात, समज मात्र बऱ्यापैकी शिल्लक असते. काकांना बोलता येत नव्हतं, पण समोरचा आपल्याशी लहान मुलासारखं बोलतो आहे हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि ते तोंड फिरवत. मित्राची पद्धत अशी : एका वेळी एकच प्रश्न, ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असा, आणि मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. माझा स्वभाव तिसऱ्या आकड्यालाच दुसरा प्रश्न विचारण्याचा आहे. हे शिकायला मला उशी लावण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण आहे. ‘मी बसेन की’ असं म्हणणारा बहुतेक वेळा यातलं काही न शिकता बसायला येतो, आणि मग घरच्या माणसाला बाहेर पडण्याआधी सूचनांचं प्रवचन द्यावं लागतं आणि बाहेर पडल्यावर दर वीस मिनिटांनी फोन करावा लागतो. शिकायला दिलेला एक दिवस ही मदतीची किंमत आहे आणि ती मदत करणाऱ्याने मोजायची असते. आम्ही एका कागदावर सगळं लिहिलं आणि पलंगाशेजारी लावलं : कुठली बाजू लुळी, पाणी किती घट्ट, शेवटची कूस किती वाजता, कुठलं लक्षण दिसलं तर वाट बघत बसायचं नाही आणि आधी कुणाला फोन करायचा. तो कागद पुढे माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण त्याच्या आधाराने चौथ्या आठवड्यात आणखी एक मित्र शुक्रवार घेऊ शकला. त्याला शिकवायचं काम मी केलं, काकांच्या मुलाने नाही.

काय करायचं नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. लघवीच्या नळीला हात लावायचा नाही, एकट्याने पलंगावरून खुर्चीत घ्यायचं नाही, औषध द्यायचं नाही. चारच्या आधी मित्र त्यांना स्वच्छ करून जायचा. मधेच गरज पडली तर? हा प्रश्न मित्राने मला विचारला, मी त्याला म्हटलं, काकांना विचारू. विचारलं. त्यांनी बराच वेळ छताकडे बघितलं आणि मान ‘नाही’ अशी हलवली. मग असं ठरलं की तशी वेळ आली तर मी फोन करायचा आणि मित्राने पंधरा मिनिटांत पोचता येईल इतक्याच अंतरावर असायचं. ही अट गैरसोयीची होती. पण मुलाच्या मित्राने आपल्याला त्या अवस्थेत बघू नये असं म्हणण्याचा हक्क अंथरुणावरच्या माणसाचा आहे, आणि मदतीच्या उत्साहात सर्वांत आधी विसरलं जातं ते हेच. आपण मित्राला मदत करतो, पण ती घडते त्याच्या वडिलांच्या अंगावर.

आता त्या मंगळवारांचं प्रत्यक्षात काय झालं? दुसऱ्या मंगळवारी मित्र बाहेर गेलाच नाही, शेजारच्या खोलीत बसून राहिला. माझ्या हातात घोट देताना दाराशी त्याची सावली दिसत होती. तिसऱ्या मंगळवारी चाळीस मिनिटं बाहेर जाऊन आला आणि त्यात पाच फोन केले. मला जरा राग आला, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की त्याचा माझ्यावर विश्वास नाही असं नव्हतं. दोन महिने सतत कान टवकारून राहिलेल्या माणसाला कान पाडायला वेळ लागतो. चौथ्या मंगळवारी तो आतल्या खोलीत दार लावून झोपला आणि सातला मी उठवलं. मदत लागू पडते आहे की नाही हे ओळखायचं साधन म्हणून त्या फोनांची संख्या मला ‘थँक्यू’पेक्षा जास्त विश्वासाची वाटते. आधी पाच, मग दोन, मग एकही नाही.

एक चूकही झाली. पाचव्या मंगळवारी माझं ऑफिसचं काम लांबलं आणि मी साडेतीनला ‘आज जमत नाही’ असं कळवलं. त्या दिवशी त्याने दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, दोन महिने पुढे ढकललेली. ती पुन्हा गेली. मी कधीच जात नसतो तर त्याने ती वेळ घेतलीच नसती. ठोस मदतीत हा धोका आहे, आणि ‘सांग’मध्ये तो नाही, हे मान्य करायला हवं. मोघम शब्द मोडता येत नाही, कारण तो दिलेलाच नसतो. नेमका शब्द मोडला की त्यावर उभं केलेलं काहीतरी पडतं. म्हणून जितकं देववेल त्याच्या निम्मंच कबूल करावं. दर आठवड्याला तीन तास जमणार नसतील तर पंधरवड्याला दोन म्हणावं.

काहींना हा सगळा खटाटोप अवजड वाटेल. प्रत्येकाला दर मंगळवार देता येत नाही, अंतर असतं, स्वतःच्या घरीही कुणी आजारी असतं. बरोबर आहे. पण काम लहान असलं तरी ते पूर्ण उचलता येतं, आणि माझा आग्रह त्या ‘पूर्ण’चा आहे. औषधांचं उदाहरण घ्या. "औषधं आणून देतो, यादी पाठव," हे ‘सांग’पेक्षा बरं आहे, पण अर्धंच. काय संपत आलं ते बघायचं, यादी करायची आणि आठवणीने पाठवायची, हे तिन्ही त्याच्याकडेच राहिलं. काकांना सात औषधं होती. कुणाची पट्टी दहाची, कुणाची चौदाची, कुणाची पंधराची. काही दिवसातून एकदा, काही दोनदा. दिवसाला दोन गोळ्यांची दहाची पट्टी पाच दिवसांत संपते, दिवसाला एकाची पंधराची पट्टी पंधरा दिवस जाते. परिणामी दर तीन-चार दिवसांनी काहीतरी संपलेलं असायचं, आणि ते रात्री नऊला कळायचं.

आमच्या एका मैत्रिणीने, जी दुसऱ्या गावात राहते, हे काम उचललं. डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीचा आणि घरात उरलेल्या पट्ट्यांचा फोटो तिने एकदा मागून घेतला, प्रत्येक औषध कोणत्या तारखेपर्यंत पुरेल ते मांडलं आणि पहिल्या खेपेला कमी-जास्त घेऊन सगळ्या औषधांची संपण्याची तारीख एकच केली. त्यानंतर महिन्यातून एकदाच, संपण्याच्या आठवडाभर आधी, ती घरपोच मागवायची. तिने एक नियम स्वतःला लावून घेतला होता आणि तो फार शहाणपणाचा होता : तपासणीची तारीख गेली की नवी चिठ्ठी बघितल्याशिवाय पुढचं मागवायचं नाही. कारण रक्त पातळ करणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळीचं प्रमाण तपासणीत बदलतं, आणि जुन्या हिशेबाने आणलेली गोळी घरात असली की ती दिली जाते. गोळ्या डब्याच्या खणांत भरण्याचं काम मात्र घरातच राहिलं. ते अंतरावरून करण्यासारखं नव्हतं.

महिन्याला तिचा अर्धा तास जात असेल. मित्र मला म्हणाला, "तिने माझ्या डोक्यातला एक कप्पा रिकामा केला." मदत संपूर्ण उचलली गेली की नाही याची कसोटी मला त्यातच दिसते. ते काम करायचं आहे हे त्याला आठवावं लागतं का? लागत असेल तर ते अजून त्याचंच आहे.

‘सांग’च्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणणाऱ्याच्या मनात भीड असते. दुसऱ्याच्या घरात, त्याच्या दुःखात, आपण होऊन शिरू नये, त्याने बोलवावं मग जावं, ही मर्यादा चांगली आहे. न विचारता अंघोळीच्या वेळी टपकलेल्या माझ्यासारख्यापेक्षा ‘सांग’ म्हणून घरी थांबणारा नक्कीच बरा. काही मदत तर नेमकी असूनही त्रासदायक असते. कुठल्या डॉक्टरांना दाखव, कुठला उपचार वाचनात आला, आपल्या ओळखीतले कोण कसे बरे झाले, हे सगळं देणारे देतात ते मदत म्हणूनच. निर्णय घरच्यांचे असतात, तिथे न मागता हात घालू नये.

पण भीड राखायची म्हणून प्रश्न सगळाच त्याच्यावर सोडायची गरज नाही. नेमका प्रस्ताव आणि बिनखर्चाचा नकार एका मेसेजमध्ये मावतात. दोन पर्याय दिले तर आणखी सोपं जातं : "गुरुवारी तपासणीला सोबत येऊ, की त्या वेळात घरी थांबून तुझ्या आईजवळ बसू?" यात निवड त्याचीच राहते, फक्त ती कोऱ्या कागदावर करावी लागत नाही.

आणि ज्यांना खरोखर काहीच करता येणार नाही, त्यांनी? ओळख तेवढी जवळची नाही, किंवा सवड नाही, किंवा जीव होत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तेव्हा मला वाटतं ‘सांग’ गाळावंच. "तुझी आणि काकांची आठवण येते. उत्तर देऊ नकोस," एवढं पुरे. मित्राच्या फोनवर असा एकच मेसेज होता, शाळेतल्या कुणाचा तरी. तो त्याने दोनदा वाचून दाखवला.

वेळेबद्दलही सांगायला हवं. पहिल्या पंधरवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, एकाच संध्याकाळी जेवणाचे सहा डबे येतात आणि रिकामे डबे कुणाचे कुठले हे लक्षात ठेवण्याचं नवीन काम तयार होतं. तिसऱ्या महिन्यात कुणीच नसतं. आजार मात्र तिसऱ्या महिन्यात संपलेला नसतो. झटक्यानंतर सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांत होतो आणि नंतर तिचा वेग मंदावतो, म्हणजे नेमकी माणसं पांगतात तेव्हाच घरात ‘आता असंच राहणार’ हे उमगायला लागतं. उशिरा जाग आल्याबद्दल मी स्वतःला फार बोल लावला होता. पण अडीच महिन्यांनी सुरू केलेले मंगळवार बहुधा पहिल्या आठवड्यात केले असते त्यापेक्षा जास्त कामाचे ठरले.

सहा आठवडे संपल्यावर आम्ही दोघं बोललो आणि पुढचे सहा ठरवले, मग त्यापुढचे दर पंधरवड्याला. काका आता डाव्या हाताने चमचा धरतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मैत्रिणीच्या आईला पार्किन्सन्स असल्याचं कळलं. मी तिला मेसेज लिहायला घेतला तर बोटांनी सवयीने ‘काही लागलं’पर्यंत टाइप केलं होतं. खोडलं आणि लिहिलं, "बुधवारी संध्याकाळी पाच ते सात मी आईजवळ येऊन बसू शकतो, चार आठवडे. गोळीच्या वेळा आधी सांगून ठेव, त्या चुकवणार नाही. नको असेल तर नुसतं ‘नको’ लिही."

तिचं उत्तर आलं, "बुधवार नको. गुरुवारी ये. बसायला नको, तिला चालायला ने. माझ्याबरोबर ती हट्ट करते."

पहिल्या गुरुवारी आम्ही फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. पाऊल अडलं की थांबायचं, मागून ढकलायचं नाही, हे तिनेच मला दाखवलं, आईने.